कोर्टातल्या केसची स्थिती आणि निकाल: पैसे भरण्याआधी सरकारी पोर्टल कसं वाचायचं

मोबाइलवर ‘केस स्टेटस’ असं शोधलं की वरच्या चार-पाच ओळींत सरकारी संकेतस्थळ असेलच असं नाही. त्याऐवजी ‘फक्त नाव टाका, संपूर्ण अहवाल मिळवा’ म्हणणाऱ्या खासगी साइट दिसतात. तिथे नाव, मोबाइल नंबर, ईमेल भरून झालं की शेवटच्या पानावर पैसे मागतात. पैसे भरल्यावर जी पीडीएफ हातात पडते, तिच्यातला मजकूर बहुतेक वेळा कोर्टाच्या सरकारी पोर्टलवरून उचललेला असतो. तोच मजकूर तुम्हाला पाच मिनिटांत फुकट दिसू शकतो.

मग लोक पैसे का देतात? पोर्टल इंग्रजी लघुरूपांनी भरलेलं आहे, आणि कोणत्या खिडकीत काय टाकायचं ते तिथे कुणी सांगत नाही, म्हणून. तालुका कोर्टाच्या आवारात रोज भेटणाऱ्या पक्षकारांचा अनुभव असा की माहिती समोर असते, पण ‘Record Not Found’ वाचून ते परत फिरतात. म्हणून इथे एकच दावा धरून शेवटपर्यंत जाऊ. बारामतीच्या दिवाणी न्यायालयात 2016 साली दाखल झालेला शेतजमिनीच्या वाटपाचा दावा, नंबर 214. नंबर कल्पित आहे, पण असे दावे महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्यात सापडतील.

आधी ठरवा, केस नेमकी कुठल्या कोर्टात आहे

सगळ्या न्यायालयांचं मिळून एकच संकेतस्थळ नाही, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. तालुका आणि जिल्हा पातळीवरची न्यायालयं services.ecourts.gov.in वर आहेत. मुंबई उच्च न्यायालयाचं संकेतस्थळ bombayhighcourt.gov.in, आणि सर्वोच्च न्यायालयाचं www.sci.gov.in. पत्ता gov.in किंवा nic.in ने संपतोय ना, हे मात्र प्रत्येक वेळी डोळ्यांनी तपासा. सर्वोच्च न्यायालयाच्या हुबेहूब दिसणाऱ्या बनावट साइट निघाल्या होत्या आणि त्यांच्यावर लोकांकडून खासगी माहिती मागितली जात होती. त्याबद्दल न्यायालयाच्या रजिस्ट्रीला ऑगस्ट 2023 मध्ये जाहीर सूचना काढावी लागली. केस पाहण्यासाठी खरं पोर्टल तुमच्याकडे फक्त चित्रातली अक्षरं ओळखून टाइप करायला मागतं. आधार क्रमांक, बँकेचा तपशील किंवा ओटीपी मागितला तर ती साइट लगेच बंद करा.

काही प्रकरणं मात्र यापैकी कुठेच दिसत नाहीत. तहसीलदार, प्रांत किंवा जिल्हाधिकाऱ्यांपुढची महसुली अपिलं आणि फेरफाराच्या तक्रारी दिवाणी न्यायालयात नसतातच, त्यामुळे ती ई-कोर्ट्सवर शोधणं व्यर्थ आहे. ग्राहक आयोगातल्या तक्रारी e-jagriti.gov.in वर असतात. ‘आमची केस कोर्टात आहे’ असं घरात वर्षानुवर्षं बोललं जातं, आणि कागद काढून पाहिला तर त्यावर प्रांत कार्यालयाचा शिक्का असतो. एक तास पोर्टलवर घालवण्याआधी तो शिक्का बघा.

मुंबईकरांसाठी एक वेगळी खूण. पोर्टलवरच्या जिल्ह्यांच्या यादीत ‘मुंबई’ अशी एकच ओळ नाही. शहर दिवाणी न्यायालय, लघुवाद न्यायालय, मुख्य महानगर दंडाधिकाऱ्यांची न्यायालयं आणि मोटार अपघात न्यायाधिकरण यांच्या वेगवेगळ्या ओळी आहेत. भाडेकरूचा दावा शहर दिवाणी न्यायालयात शोधत बसलात तर सापडणार नाही, कारण तो लघुवाद न्यायालयात असतो. कुटुंब न्यायालयं, सहकार न्यायालयं आणि कामगार न्यायालयंसुद्धा त्याच यादीत जिल्ह्यासारखी स्वतंत्र दाखवली आहेत. घटस्फोटाचा अर्ज पुण्याच्या कुटुंब न्यायालयात असेल तर ‘पुणे’ निवडून मिळणार नाही, कुटुंब न्यायालयांची ओळ निवडावी लागते.

सोळा अक्षरांचा नंबर हाती असेल तर निम्मं काम झालं

प्रत्येक केसला एक सीएनआर नंबर असतो. त्यात अक्षरं आणि आकडे मिळून बरोबर सोळा खुणा असतात, मधे रेघ किंवा मोकळी जागा नसते. नमुन्यासाठी MHAU019999992015 हा नंबर घ्या. गाडीच्या नंबरप्लेटवरून गाडी कुठली ते कळतं, तसंच इथेही आहे. MH म्हणजे महाराष्ट्र, AU म्हणजे औरंगाबाद जिल्हा. जिल्ह्याचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं तरी जुन्या केसच्या नंबरातली अक्षरं तीच राहणार, त्यामुळे गोंधळू नका. पुढचे दोन आकडे त्या जिल्ह्यातलं नेमकं न्यायालय सांगतात, त्यानंतरचे सहा आकडे अनुक्रमांक आणि शेवटचे चार वर्ष. मुंबई उच्च न्यायालयातल्या प्रकरणांचे असे नंबर HCBM ने सुरू होतात.

हा नंबर समन्सवर किंवा कोर्टाच्या एसएमएसमध्ये सापडू शकतो. पोर्टलच्या पहिल्याच पानावर तो टाकला की राज्य, जिल्हा, न्यायालय काहीही न निवडता थेट केस उघडते. स्मार्टफोन नसलेल्या माणसालाही याचा उपयोग आहे. ECOURTS लिहून, एक जागा सोडून, हा सोळा खुणांचा नंबर 9766899899 वर एसएमएस केला की केसची सद्यस्थिती उत्तरात येते. ‘eCourts Services’ नावाचं अधिकृत अ‍ॅपही फुकट आहे. त्यात केस एकदा साठवली की दर वेळी शोधावी लागत नाही.

वकिलांकडे जाल तेव्हा ‘पुढची तारीख काय’ हे तर विचाराच, पण त्याआधी ‘सीएनआर नंबर लिहून द्या’ म्हणा. तो मिळाला की तारीख तुम्हाला स्वतःच पाहता येते.

फक्त सातबाऱ्यावरची नोंद आहे, मग?

आपल्या बारामतीच्या दाव्यात हीच अडचण आहे. घरात कागद कुणाला सापडत नाहीत. सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यात एवढंच आहे: ‘रे.मु.नं. 214/16, दिवाणी न्यायालय, बारामती’. ही जुनी मराठी कोर्टभाषा आहे. रे.मु.नं. म्हणजे रेग्युलर मुकदमा नंबर. पोर्टलच्या यादीत हा प्रकार R.C.S. असा दिसतो. ‘स्पे.मु.’ असेल तर Spl.C.S. शोधायचं आणि ‘दरखास्त’ असेल तर तो हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज आहे, म्हणजे दावा आधीच निकाली निघालेला असणार.

आता पायऱ्या बघू. डावीकडच्या यादीतून Case Status उघडा. राज्य महाराष्ट्र, जिल्हा पुणे, मग Court Complex मध्ये बारामती. एका आवारात एकापेक्षा जास्त न्यायालयं असली तर पोर्टल त्यातलं नेमकं न्यायालयही निवडायला सांगतं. कनिष्ठ स्तर, वरिष्ठ स्तर आणि जिल्हा न्यायालय अशी ती असू शकतात. रेग्युलर मुकदमा सहसा कनिष्ठ स्तराकडे असतो. नाही सापडला तर वरिष्ठ स्तर निवडून पुन्हा बघा. त्यानंतर वरच्या पट्टीतून Case Number निवडायचं, प्रकार R.C.S., नंबर 214, वर्ष 2016. चित्रातली अक्षरं टाइप केली की एक ओळ येते, वादी विरुद्ध प्रतिवादी अशी, आणि शेवटी View.

इथे ‘Record Not Found’ आलं तरी केसच नाही असा निष्कर्ष काढू नका. सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे हातातला नंबर दाखल करतानाचा असतो. दावा कोर्टात दिला की आधी दाखल क्रमांक पडतो, कागदांची तपासणी होऊन मग नोंदणी क्रमांक मिळतो. दोन्ही वेगळे असतात, कधी वर्षसुद्धा वेगळं असतं, कारण डिसेंबरात दिलेला दावा जानेवारीत नोंदला जातो. दाखल क्रमांक असेल तर Filing Number ची खिडकी वापरायची. दुसरं कारण म्हणजे दावा एका न्यायालयातून दुसऱ्याकडे वर्ग झालेला असतो. तालुक्यात नवं न्यायालय सुरू झालं किंवा मालमत्तेच्या किमतीची मर्यादा बदलली की दावे हलतात आणि त्यांचा प्रकार व नंबर बदलू शकतो. अशा वेळी नावाने शोधणं बरं पडतं.

नावाने शोधताना नाव पूर्ण लिहू नका

Party Name च्या खिडकीत किमान तीन अक्षरं आणि नोंदणीचं वर्ष लागतं. नावं इंग्रजी लिपीत भरलेली असतात आणि ती भरणाऱ्याने जशी ऐकली तशी उतरवलेली असतात. एकच आडनाव Deshmukh असेल, Deshmuk असेल, कुठे Deshamukh असेल. ‘विठ्ठल’ किती प्रकारे लिहिता येतं ते तुम्हीच मोजा. म्हणून पूर्ण नावाऐवजी ज्या अक्षरांवर वाद होणार नाही तेवढीच टाका, जसं की Desh, आणि खालच्या पर्यायांत Pending किंवा Disposed न निवडता Both निवडा. केस चालू आहे की संपली हे आपल्याला ठाऊक नसतं, तेच तर शोधायचं आहे.

वाटपाच्या दाव्यात प्रतिवादी दहा-पंधरा असतात. यादीत पहिलंच नाव ठळक दिसतं. तुमची आत्या सातवी प्रतिवादी असेल आणि तिच्या नावाने काही सापडलं नाही, तर ज्याने दावा लावला त्या भावाचं किंवा पहिल्या प्रतिवादीचं नाव टाकून बघा.

यातूनच एक इशारा द्यावासा वाटतो. जमीन किंवा फ्लॅट घेण्याआधी ‘विकणाऱ्याच्या नावावर एकही केस नाही’ असा अहवाल विकणाऱ्या साइट आहेत. स्पेलिंग, दुसरा जिल्हा, मृत वडिलांच्या नावे चाललेला दावा, महसुली प्रकरण, यातलं काहीही त्या शोधातून निसटू शकतं. नावाच्या शोधात केस सापडली तर ती आहे हे नक्की. सापडली नाही तर ती नाही असं कुणीही छातीठोक सांगू शकत नाही, फुकट सांगणाराही नाही आणि पैसे घेणाराही नाही.

केस उघडली, आता वाचायचं काय

View दाबल्यावर लांबलचक पान येतं. सगळ्यांची नजर आधी Next Hearing Date वर जाते, आणि ते साहजिक आहे. पण ती तारीख एकटी वाचू नका, तिच्याखालचा Case Stage सोबत वाचा. Steps असेल तर कुणाला तरी समन्स पाठवण्यासाठी पक्षकाराने पावलं उचलायची आहेत. W.S. म्हणजे प्रतिवादीची कैफियत यायची आहे. Exh. 5 चा उल्लेख असेल तर तो निशाणी 5 म्हणजे तात्पुरत्या मनाईचा अर्ज. जमीन विकू नये, बांधकाम करू नये, असे हुकूम यातूनच येतात. Evidence म्हणजे पुरावा, Arguments म्हणजे युक्तिवाद. वर्षानुवर्षं टप्पा Steps वरच असेल तर दावा पुढे सरकलेलाच नाही. मग समन्सचा खर्च भरला का, वारसांची नावं लावली का, हे वकिलांना नेमकेपणाने विचारता येतं.

त्याहून उपयोगाचा भाग खाली असतो. Case History मध्ये प्रत्येक तारखेची ओळ आहे आणि त्यातल्या Business on Date खालच्या तारखेवर बोट ठेवलं की त्या दिवशी काय झालं ते उघडतं. कोर्टात याला रोजनामा म्हणतात. पोर्टलवर त्याचा सारांश असतो, कधी दोन ओळी, कधी एवढंच की वादी व वकील गैरहजर. आपल्या 214/2016 मध्ये समजा 2021 पासून चार तारखांना ‘वादी गैरहजर’ अशी नोंद दिसते. वादी म्हणून तुम्हाला हे आज कळलं तर वेळ आहे. पुढच्या वेळी ही नोंद Nature of Disposal या रकान्यात जाऊन बसू शकते.

तो रकाना फक्त निकाली निघालेल्या केसमध्ये दिसतो. तिथे Contested असेल तर दोन्ही बाजू ऐकून निकाल झाला. Uncontested असेल तर पुढचे शब्द जपून वाचा. COMPROMISED म्हणजे तडजोड झाली. DISMISSED IN DEFAULT म्हणजे वादी हजर न राहिल्याने दावा काढून टाकला. हा हरल्याचा निकाल नाही, कारण खऱ्या-खोट्याचा विचारच झालेला नाही. असा दावा पुन्हा फाइलवर घेण्याचा अर्ज करता येतो, पण त्याची साधारण मुदत तो काढून टाकल्याच्या तारखेपासून 30 दिवस आहे. ‘आमची केस चालू आहे’ असं समजून दोन वर्षं स्वस्थ बसलेले लोक हे शब्द पाहून हादरतात. उशीर माफ करण्याचा अर्ज असतो, पण त्यासाठी पटण्यासारखं कारण द्यावं लागतं.

तारखेबद्दल आणखी थोडं. पोर्टलवरची पुढची तारीख उलटून गेलेली दिसली तर नोंद अजून भरलेली नाही असं समजा आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा बघा. न्यायाधीश रजेवर असले किंवा सुट्टी जाहीर झाली तर तारीख बदलते. गावाहून साक्षीला निघण्याआधी आदल्या संध्याकाळी Cause List उघडून त्या न्यायालयाचं बोर्ड पाहिलं तर फेरा वाचू शकतो.

‘Disposed’ म्हणजे जमीन वाटली गेली का?

वाटपाच्या दाव्यात या शब्दाने जितकी फसगत होते तितकी दुसऱ्या कशाने होत नाही. समजा 214/2016 समोर Case disposed आणि Contested--DECREED असं दिसतं. घरच्यांना वाटतं, मिळाला हिस्सा. खरं तर अशा दाव्यात आधी प्राथमिक हुकूमनामा होतो, ज्यात फक्त कुणाचा हिस्सा किती हे ठरतं, जसं की वादीचा एक चतुर्थांश. शेतसारा असलेल्या जमिनीची प्रत्यक्ष मोजणी आणि वाटणी दिवाणी न्यायालय करत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 54 प्रमाणे ते काम जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं. त्यासाठी पुढे अर्ज किंवा दरखास्त होते आणि तिला स्वतंत्र नंबर पडतो. म्हणजे मूळ दावा पोर्टलवर ‘संपलेला’ आणि शेतात बांध जुनाच.

दुसरी फसगत अपिलाची. हरलेला भाऊ अपिलात गेला तर ते प्रकरण वेगळ्या नंबराने, वेगळ्या सीएनआरने, जिल्हा न्यायालयात नोंदतात. पोर्टलवर प्रकार R.C.A. मूळ दाव्याच्या पानावर अपिलाचा मागमूस असेलच असं नाही. म्हणून निकाली दावा दिसला की त्याच आवारातलं जिल्हा न्यायालय निवडून, निकालाच्या वर्षापासून पुढच्या दोन-तीन वर्षांत, अपील करू शकणाऱ्याच्या नावाने शोधून घ्या. बारामतीसारख्या ठिकाणी अतिरिक्त जिल्हा न्यायालय तिथेच बसतं. ज्या तालुक्यात ते नाही तिथलं अपील शेजारच्या तालुक्यात किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी असेल.

निकालाची प्रत आणि उच्च न्यायालय

निकालपत्र अपलोड झालं असेल तर केसच्या पानावर सर्वांत खाली Final Orders / Judgements मध्ये त्याची पीडीएफ असते. मधले हुकूम वेगळ्या यादीत असतात. तालुका कोर्टाचे काही निकाल मराठीतही असतात, तेव्हा वाचायला कचरू नका. शेवटचा ‘आदेश’ हा परिच्छेद आधी वाचा, मग मुद्दे आणि त्यांची उत्तरं यांचा तक्ता. अर्धं कोडं तिथेच सुटतं.

प्रकरण उच्च न्यायालयात गेलं असेल तर तिथली शोधखिडकी आधी खंडपीठ विचारते, मग प्रकार. पुणे जिल्ह्याचं प्रकरण मुंबईला असतं. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग यांच्यासाठी ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं आहे, त्यामुळे त्या जिल्ह्यांतल्या लोकांनी दोन्हीकडे पाहावं. आणि पुन्हा तोच जुना घोळ: तिथे Stamp आणि Register असे दोन पर्याय असतात. स्टॅम्प नंबर म्हणजे दाखल करतानाचा, रजिस्टर म्हणजे नोंदणीनंतरचा. चुकीचा पर्याय निवडला की एखाद्या अनोळखी माणसाचीच केस उघडते.

स्वतःच्या केसचा नव्हे तर एखाद्या विषयावरचा निकाल हवा असेल, जसं की मुलींच्या वडिलोपार्जित हिश्श्याबद्दल न्यायालयं काय म्हणतात, तर judgments.ecourts.gov.in वर शब्दांनी शोध घेता येतो. तिथे उच्च न्यायालयांचे निकाल आहेत, तालुका-जिल्ह्याचे नाहीत. सर्वोच्च न्यायालयाचे अधिकृत अहवाल digiscr.sci.gov.in वर फुकट आहेत आणि काही निकालांचे मराठी अनुवादही झाले आहेत. बातमीत 2024:BHC-AS:… असा उल्लेख दिसला तर तो निकालाचा अधिकृत ओळखक्रमांक आहे. BHC म्हणजे मुंबई उच्च न्यायालय, AS म्हणजे तिथली अपील शाखा. AUG, NAG, GOA ही अक्षरं असतील तर औरंगाबाद, नागपूर आणि गोवा. हा क्रमांक दिलेला असेल तर निकाल पडताळता येतो. समाजमाध्यमांवर फिरणारा ‘हायकोर्टाचा ऐतिहासिक निर्णय’ क्रमांकाशिवाय असेल तर मी तरी तो पुढे पाठवत नाही.

छापून काढलेली पीडीएफ कोर्टात चालेल का?

माहितीपुरती चालेल, पण अपिलासाठी किंवा तलाठ्याकडे फेरफाराला प्रमाणित नक्कल लागते. पोर्टलवर स्वतःच लिहिलेलं असतं की ही प्रमाणित प्रत नव्हे. नकलेसाठी त्या न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज करायचा, ठरलेली फी भरायची आणि पावती जपून ठेवायची. पावती जपायचं कारण मुदतीत आहे. जिल्हा न्यायालयात अपील करायला 30 दिवस, उच्च न्यायालयात 90 दिवस. नक्कल मिळायला जो वेळ गेला तो मुदत कायद्याच्या कलम 12 प्रमाणे यातून वजा होतो, आणि तो किती हे नकलेवरच्या तारखांवरून ठरतं. पोर्टलवर निकाल उशिरा चढला, म्हणून दिवस उशिरा मोजायला सुरुवात होत नाही. खासगी साइटवरून ‘सर्टिफाइड’ म्हणून विकत घेतलेल्या प्रतीला कोर्टाचा शिक्का नसेल तर तिची किंमत साध्या झेरॉक्सइतकीच.

मग कुणाचीही केस कुणीही बघू शकतो?

बहुतेक केस बघता येतात, कारण न्यायालयाचं कामकाज उघड असतं. पण सगळ्या नाही. लैंगिक अत्याचाराच्या आणि बालकांवरील गुन्ह्यांच्या प्रकरणांत पीडितांची ओळख जाहीर करणं हाच गुन्हा आहे, तिथे नावं झाकलेली असतात. कौटुंबिक वादांत हुकूम दिसतीलच असं नाही. त्यामुळे एखाद्या प्रकरणाची तारीख दिसते पण हुकूम उघडत नाही, तेव्हा दर वेळी यंत्रणा बिघडलेली असते असं नाही. अशा प्रकरणातला पक्षकार स्वतः किंवा त्याचा वकील कोर्टातून प्रत मागू शकतो.

जुन्या केसचं दुखणं वेगळं आहे. संगणक येण्याआधी निकाली निघालेल्या दाव्यांचे निकाल पोर्टलवर शोधू नका. 1987 सालचा हुकूमनामा हवा असेल तर जिल्हा न्यायालयाच्या रेकॉर्ड रूमला गत्यंतर नाही, आणि तिथेही नंबर आणि वर्ष लागतंच. ते जुन्या फेरफारात लिहिलेलं असू शकतं. साक्षी, मूळ खतं, नकाशे हेही पोर्टलवर येत नाहीत. ती फाइल पाहायला अर्ज करून कोर्टातच जावं लागतं.

पैसे घेणाऱ्या सगळ्याच साइट फसव्या आहेत का?

नाहीत. वकिलांसाठी निकालांचे सशुल्क संग्रह आहेत. त्यात संपादकांनी सारांश लिहिलेले असतात, कोणता निकाल पुढे कुठे फिरवला गेला ते जोडलेलं असतं, आणि त्या कष्टाचे ते पैसे घेतात. शेकडो केस असलेली बँक तारखांच्या सूचनांसाठी एखादी सेवा विकत घेते, तेही समजण्यासारखं आहे. पण घरातल्या एका दाव्याची तारीख पाहायला यातलं काही लागत नाही. शिवाय खासगी साइटने पोर्टलवरून नोंद उचलली तो दिवस आणि तुम्ही ती वाचता तो दिवस यांत अंतर असतं. तारीख बदलल्यावर जुनीच दाखवणारा अहवाल हातात घेऊन बारामतीला पोहोचलात तर एसटीचं तिकीट तेवढं वाया जातं, पण साक्षीच्या दिवशी गैरहजर राहिलात तर दावाच हातचा जाऊ शकतो.

इंटरनेट अजिबात जमत नसेल तर कोर्टाच्या आवारात ई-सेवा केंद्र आहे का ते विचारा. तिथला माणूस केसची स्थिती आणि पुढची तारीख सांगतो. जाताना जुनं समन्स, सातबारा, फेरफार, जे असेल ते न्या. काहीच नसेल तर निदान वादीचं नाव आणि दावा कोणत्या वर्षी लागला एवढं घरातल्या थोरांना विचारून घ्या, कारण वर्ष माहीत नसेल तर त्यालाही एकेक वर्ष बदलत शोधत बसावं लागतं.